व्हॉइसओव्हरमधली टेबलाची धप्प आणि माउसची टिकटिक कशी काढायची

चार मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. एक सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते समजावणारा व्हिडिओ, स्क्रिप्ट समोर स्क्रीनवर, उजवा हात माउसवर, आणि माईक कीबोर्डच्या शेजारी छोट्या टेबल-स्टँडवर. बोलताना कानाला काहीच खटकलं नाही, लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकलं तेव्हाही बरं वाटलं, मग हेडफोन लावले आणि दर दोन-तीन वाक्यांनी कोणीतरी खालून टेबलाला बुक्की मारतंय असं ऐकू यायला लागलं. मध्येमध्ये माउसची टिकटिक, आणि एका ठिकाणी पाण्याची बाटली ठेवल्याचा ठक्क. लॅपटॉपवर कळलं नाही कारण त्याचे चिमुकले स्पीकर ६० हर्ट्झच्या आसपासचं काही वाजवूच शकत नाहीत. म्हणजे आवाज फाइलमध्ये होताच, फक्त मला ऐकू येत नव्हता, आणि हेडफोनवर ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकू येणार होता.

मग मी तेच केलं जे सगळे पहिल्यांदा करतात. ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर उघडलं, माउसची एक टिक सिलेक्ट केली, Noise Reduction ला सांगितलं की हा बघ नॉइज, आणि पूर्ण ट्रॅकवर चालवलं. टिकटिक जवळजवळ तशीच राहिली आणि माझा आवाज मात्र पाण्याच्या पिंपातून आल्यासारखा झाला. यात टूलचा दोष नाही, ते बनलंय पंख्याची घरघर किंवा एसीचा आवाज अशा सतत चालणाऱ्या गोष्टींसाठी. कुठल्या फ्रिक्वेन्सीला कायम किती नॉइज आहे ते ते शिकून घेतं आणि त्या पातळीच्या खाली जे काही असेल ते दाबतं. माउसची टिक काही मिलिसेकंदात संपते आणि तेवढ्या वेळात खालपासून वरपर्यंत बऱ्याच फ्रिक्वेन्सीवर पसरलेली असते, म्हणजे तिला नमुना म्हणून दिलं की टूलला वाटतं सगळीकडेच नॉइज आहे, आणि ते तुमच्या आवाजातले बारीक तपशील खायला लागतं.

तर आधी हा आवाज माईकपर्यंत आला कुठून ते बघायचं, कारण इलाज त्यावरच ठरतो. धप्प ही हवेतून येतच नाही. गुडघा टेबलाच्या पायाला लागला, मनगट टेबलावर आदळलं, की टेबलाची फळी हलते, फळीमुळे स्टँड हलतो, स्टँडमुळे माईकची बॉडी हलते, आणि आतला पडदा जागेवरच राहायला बघतो. पडद्याच्या दृष्टीने हे हवेच्या दाबात फरक पडल्यासारखंच असतं. म्हणून खोलीत बसलेल्या माणसाला जेमतेम ऐकू येणारा धक्का रेकॉर्डिंगमध्ये बॉम्बसारखा येतो. टेबलाची फळी हळू हलते, त्यामुळे याची जवळजवळ सगळी ताकद खालच्या फ्रिक्वेन्सीत असते, साधारण १०० हर्ट्झच्या खाली. माउसची टिक उलट, ती मुख्यतः हवेतून येते, आतला छोटा स्विच वाजतो, आणि तिचा जोर वर असतो, २ हजार हर्ट्झच्या वर बराचसा. आणि बाटलीचा ठक्क दोन्ही वाटांनी येतो, खाली धप्प आणि वर टक. म्हणून एकाच फिल्टरने तिन्ही जाणार नाहीत, कितीही बटणं फिरवा.

धप्पपासून सुरू करू कारण ती सगळ्यात सोपी आहे. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ४८व्या सेकंदाला दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत एक धप्प होती. तीच पकडली कारण तिच्यात माझा आवाज मिसळलेला नव्हता. ती सिलेक्ट करून Plot Spectrum उघडलं, Size ला ८१९२ दिलं. एक छोटी गोष्ट, ८१९२ सॅम्पल म्हणजे ४४,१०० च्या रेटला १८६ मिलिसेकंद, त्यामुळे सिलेक्शन त्याहून छोटं ठेवू नका, धप्पच्या मागची गुंजही त्यात येऊ दे. ग्राफमध्ये ५५ हर्ट्झवर ठळक डोंगर दिसला आणि पुढे घसरण. मग त्याच ग्राफवर माझा आवाज बघितला, एक लांब 'आ' सिलेक्ट करून, तर सगळ्यात खालचा डोंगर ११० ला. पुरुषांचा आवाज साधारण ८५ ते १८० च्या मध्ये कुठेतरी सुरू होतो, बायकांचा १६५ ते २५५ च्या आसपास. म्हणजे ५५ आणि ११० च्या मध्ये मला मोकळी जागा होती, आणि हाय-पास फिल्टर म्हणजे नेमकं हेच, या जागेत रेघ मारायची आणि खालचं दाबायचं.

High-Pass Filter मध्ये Frequency ८० आणि Roll-off २४ डेसिबल असं दिलं. याचा हिशोब एकदा बघून घ्या, म्हणजे आकडे आंधळेपणाने भरायची वेळ येत नाही. ८० वर रेघ मारली की ८० ला ३ डेसिबल कमी होतात, त्याच्या निम्म्यावर म्हणजे ४० ला २४ कमी होतात, ५५ ला साधारण १३. आणि ११० ला, जिथे माझा आवाज सुरू होतो, तिथे एक तृतीयांश डेसिबल, म्हणजे कोणाच्या बापाला कळणार नाही इतकं. १३ डेसिबल कमी झाल्यावर धप्प गेली नाही, पण बुक्कीची टिचकी झाली. रेघ आणखी वर, १२० ला वगैरे ओढायचा मोह होतो आणि इथेच लोक फसतात, पूर्ण ट्रॅक १२० ला कापला की आवाज पातळ होतो आणि मग तो भरायला खाली बेस वाढवत बसतात. बाईचा आवाज असेल तर मात्र १०० पर्यंत बिनधास्त जा, खाली तिचं काही नसतंच.

आता उरलेली धप्प. शांततेतली असेल तर ती फिल्टर करायचीच गरज नाही, ती काढून टाकायची आणि तिथे रूम टोन भरायचा. रूम टोन म्हणजे खोलीची शांतता, बोलणं सुरू करायच्या आधी हात मांडीवर ठेवून, श्वास हळू घेत १५-२० सेकंद नुसतं रेकॉर्ड केलेलं. तुम्ही म्हणाल शांतताच भरायची तर सरळ सायलेन्स का नाही, तर करून बघा एकदा. खोलीचा बारीक सूं असा आवाज सतत चालू असतो आणि मध्येच तो पूर्ण बंद पडला की कान टवकारतात, ऐकणाऱ्याला वाटतं फाइल तुटली. धप्पपेक्षा ते भोक जास्त खटकतं. भरताना दोन गोष्टी सांभाळा. धप्प दिसते तेवढीच कापू नका, तिची गुंज पुढे पाव सेकंदापर्यंत चालते ती पण घ्या. आणि जेवढं सिलेक्ट केलंय तेवढ्याच लांबीचा रूम टोन पेस्ट करा, ऑडॅसिटी सिलेक्शनच्या जागी नवीन तुकडा बसवतं आणि लांबी वेगळी असेल तर पुढचा सगळा ट्रॅक सरकतो. मी एकदा दहा ठिकाणी असं केलं आणि शेवटी ओठ आणि आवाज यांचा काही संबंध राहिला नव्हता. सांध्यावर ५-१० मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर जोडणीलाच नवीन टिक तयार होते, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

खरी परीक्षा शब्दाच्या खालची धप्प. माझी १ मिनिट ३२ सेकंदांना होती, 'मागच्या' मधल्या 'मा' च्या बरोबर खाली. इथे कापता येत नाही. मी काय केलं, ट्रॅकची डुप्लिकेट काढली, त्या दुसऱ्या ट्रॅकला १४० वर २४ डेसिबलचा हाय-पास मारला, आणि मग Envelope Tool ने फक्त त्या २०० मिलिसेकंदांपुरता मूळ ट्रॅक खाली आणि दुसरा वर, दोन्हीकडून २०-३० मिलिसेकंदांची उतरण देऊन. बाकी वेळ दुसरा ट्रॅक पूर्ण खाली. मूळ ट्रॅकवर तुकडा सिलेक्ट करून तिथेच फिल्टर मारला असता तरी चाललं असतं कदाचित, पण सिलेक्शनच्या कडेला लाट जुळत नाही आणि टिक येते, म्हणून ही लांबची वाट. १४० वर ५५ हर्ट्झची धप्प ३० डेसिबलहून जास्त खाली जाते, म्हणजे गेलीच समजा. माझा ११० चा पाया पण ९ डेसिबल खाली गेला, आणि तरीही ऐकताना फरक जाणवला नाही! याचं कारण गमतीशीर आहे. आवाजात ११० बरोबर त्याचे २२०, ३३०, ४४० असे पट पण असतात, आणि कान त्या पटांमधलं अंतर बघून पाया स्वतःच भरून काढतो, तो तिथे नसला तरी. शिवाय हे सगळं २०० मिलिसेकंदांत आटपतं, आणि पूर्ण ट्रॅकभर जे खटकलं असतं ते एवढ्याशा तुकड्यात लपून जातं.

एकच केस आहे जिथे यातलं काहीही चालत नाही. धक्का इतका मोठा असेल की लाटेची टोकं वर-खाली सपाट कापली गेली आहेत, तर त्या क्षणी तुमचा आवाजही कापला गेलाय आणि फिल्टर कापलेलं परत आणू शकत नाही. वेव्हफॉर्म झूम करून टोकं बघा, सपाट दिसली की एडिटचा वेळ वाया घालवू नका, ते वाक्य पुन्हा बोला.

बाटलीचा ठक्क मी फार रंगवून सांगत नाही. खालचा भाग ८० च्या फिल्टरनेच गेला, वरचा टक वाक्यांच्या मध्ये होता म्हणून रूम टोन, संपलं. शब्दावर असता तर त्याला माउसच्या टिकसारखंच वागवायचं.

आता माउस. आधी स्पेक्ट्रोग्राम उघडा, म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे ते रंगांत दाखवणारं चित्र, ट्रॅकच्या नावाच्या मेनूमधून Spectrogram, कारण वेव्हफॉर्ममध्ये टिक बोलण्याच्या गर्दीत दिसत नाही आणि स्पेक्ट्रोग्राममध्ये ती उभ्या काडीसारखी दिसते. सेटिंगमध्ये Window Size २०४८ असेल तर ते ५१२ करा. मोठी विंडो ४६ मिलिसेकंदांचा तुकडा एकदम बघते म्हणून काडी पसरट होते, ५१२ ला १२ मिलिसेकंदांपेक्षा कमी, काडी टोकदार. मग लक्षात येईल की एका क्लिकच्या दोन काड्या असतात, बोट दाबल्याची आणि बोट सोडल्याची, मध्ये अंदाजे सेकंदाचा दहावा हिस्सा. बरेच लोक पहिली काढतात, दुसरी राहते, आणि मग म्हणतात काहीतरी अजून वाजतंय पण कळत नाही काय.

ऑडॅसिटीत Click Removal आणि Repair अशी दोन नावं दिसतात आणि वाटतं काम झालं. Repair फक्त १२८ सॅम्पलपर्यंत चालतं, म्हणजे ४४,१०० ला जेमतेम ३ मिलिसेकंद, माउसची टिक सहसा त्याहून लांब असते. Click Removal हे जुन्या रेकॉर्डवरच्या ओरखड्यांसाठी, ते याहून बारीक असतात. सेन्सिटिव्हिटी वाढवत नेली की माउस पकडला जाईल न जाईल, पण 'ट', 'क', 'प' नक्की पकडले जातात. कारण हे व्यंजन म्हणजे काय, तोंड बंद, क्षणभर शांतता, मग एक छोटा स्फोट. स्पेक्ट्रोग्राममध्ये ती पण उभी काडीच! मशीनच्या दृष्टीने 'टक्के' या शब्दात दोन माउस क्लिक आहेत. म्हणून पूर्ण ट्रॅकवर Click Removal मारून मोकळं व्हायचं नाही, एकेक टिक हाताने, चार मिनिटांत अशा तीसेक असतील, अर्ध्या तासाचं काम.

टिक कुठे पडली यावर सगळं अवलंबून. शांततेत असेल तर दोन्ही काड्या एकत्र सिलेक्ट करून रूम टोन. पण मध्ये श्वास असेल तर श्वास वाचवा, तो काढला की वाक्य यंत्रासारखं वाटतं. 'स' किंवा 'श' वर पडली असेल तर आधी डोळे मिटून ऐका, कारण 'श' चा फुस्स आवाज त्याच वरच्या भागात असतो आणि टिक त्यात बुडते, स्क्रीनवर दिसली म्हणून काढायलाच पाहिजे असं नाही. मी अशा दोन टिका तशाच सोडल्या.

स्वरावर पडली असेल तर स्पेक्ट्रोग्रामच्या सेटिंगमध्ये Spectral Selection चालू करा आणि काडीभोवती चौकोन काढा, रुंदी १०-१२ मिलिसेकंद, उंची २ हजारपासून ८-१० हजारपर्यंत. खालचं २ हजार महत्त्वाचं, कारण 'आ' किंवा 'ओ' ची मुख्य ताकद त्याच्या खाली असते आणि तिला हात लावायचा नाहीये. मग Spectral edit parametric EQ ला उणे १८ वगैरे द्या. पूर्ण शून्य करू नका, काडी जाईल पण तिच्या जागी स्पेक्ट्रोग्राममध्ये काळी खिडकी उघडेल आणि ऐकताना आवाज एक क्षण गुळगुळीत लागेल. आजूबाजूच्या रंगात मिसळेपर्यंतच दाबायचं. एकदा मारून नाही भागलं तर पुन्हा मारा, एकदम मोठा आकडा देण्यापेक्षा ते बरं. ज्यांच्याकडे अॅडोबी ऑडिशन आहे त्यांना Spot Healing Brush ने हेच काम काडीवरून ब्रश फिरवून होतं, आणि आयझोटोप आरएक्स असेल तर Spectral Repair मध्ये Attenuate, तो आजूबाजूचं बघून तेवढंच दाबतो. तत्त्व सगळीकडे तेच.

सगळ्यात चिवट टिक मला 'टप्पा' या शब्दात सापडली. 'प्पा' च्या आधी ओठ मिटतात आणि जोडाक्षर असल्यामुळे ती मिटलेली जागा चांगली लांब असते, त्या शांत जागेत टिक पडलेली, आणि ऐकताना शब्द 'टप्‌-ट्पा' असा अडखळल्यासारखा यायचा, मला आधी वाटलं माझाच उच्चार चुकला. झूम केल्यावर दिसलं की मिटलेल्या ओठांच्या शांततेत एक काडी आणि मग 'पा' च्या स्फोटाची दुसरी काडी. पहिल्या काडीवर रूम टोनचा १५ मिलिसेकंदांचा तुकडा, दोन्हीकडे बारीक फेड, झालं. हीच टिक स्फोटाच्या बरोबर वर पडली असती तर दोन्ही वेगळं करणं शक्य नव्हतं, तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये दुसरीकडे कुठे तोच शब्द म्हटलाय का बघायचं आणि तिथला 'प्पा' उचलून आणायचा. आणायचा तर तसाच जोर, तशीच चाल असलेला, वाक्याच्या शेवटी पडलेला शब्द मध्ये बसवला की लगेच ओळखू येतो.

काढलेलं बरोबर काढलं का याचा एक पक्का तपास आहे. टिका काढायच्या आधीची कॉपी दुसऱ्या ट्रॅकवर ठेवा, तिला Invert करा, आणि दोन्ही एकत्र वाजवा. जे दोन्हीकडे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि फक्त तुम्ही काढलेलं ऐकू येतं. शांतता, टिक, शांतता, टिक, भरलेल्या जागी थोडा सूं, असं आलं तर उत्तम. मध्येच 'आ' किंवा 'क' चा तुकडा ऐकू आला तर तिथे आवाजही गेलाय, त्या जागी परत जा. ही कॉपी हाय-पास मारल्यानंतरचीच घ्या, आधीची घेतली तर फिल्टरने लाटा थोड्या सरकलेल्या असतात आणि आवाज पूर्ण कटणार नाही, उगाच घाबराल.

आणि हे सगळं कंप्रेसर आणि नॉर्मलाइजच्या आधी. कंप्रेसर हळू आवाज वर आणतो, म्हणजे शब्दांच्या मधल्या टिका पण वर येतात, आणि धप्प ऐकली की तो दचकून पुढचे दोन शब्द दाबून टाकतो. नॉर्मलाइजचं तर गणितच आहे, माझ्या फाइलमध्ये सगळ्यात उंच टोक धप्पचं होतं, उणे ६ ला, आणि आवाज उणे १२ ला. टोक उणे १ वर न्यायचं म्हटलं तर सगळं फक्त ५ डेसिबल वाढलं असतं. धप्प साफ केल्यावर तेच ११ वाढलं.

पुढच्या रेकॉर्डिंगला मी माईक टेबलावरून उचलला आणि जमिनीवर उभ्या राहणाऱ्या स्टँडवर नेला. टेबलाला क्लॅम्प केलेला आर्म यासाठी उपयोगाचा नाही बरं का, तो टेबलालाच पकडलेला असतो, माईकला लवचीक रबरावर टांगणारा शॉक माउंट लावला तरी मोठा धक्का थोडा येतोच. माउसखाली जाड घडी केलेलं कापड घातलं, त्याने घासण्याचा आणि आदळण्याचा आवाज गेला पण टिक तशीच, कारण ती माउसच्या आतून येते. शेवटी स्क्रिप्ट पानापानाने कापली, एक पान बोलायचं, थांबायचं, एक सेकंद जाऊ द्यायचा, मग क्लिक, पुन्हा एक सेकंद, मग पुढचं पान. टिका तेवढ्याच आल्या, पण सगळ्याच्या सगळ्या शांततेत, आणि साफ करायला दहा मिनिटं लागली.